तीन रंगांचं घड्याळ आणि कॅमेऱ्याचे तीन आकडे

बीकरमध्ये पाण्यासारखं स्वच्छ द्रावण आहे. तळाशी चुंबकीय ढवळणी फिरतेय, बुडबुडे वर येताहेत. बघता बघता द्रावणाला सोनेरी छटा चढते, ती गडद होत पिंगट होते आणि एका क्षणी कुणी शाईची बाटली ओतल्यागत सगळं निळं-काळं होतं. प्रयोग संपला असं वाटतं. पण थोड्या सेकंदांत तो निळा विरतो, द्रावण पुन्हा स्वच्छ होतं आणि पुन्हा सोनेरी छटा चढू लागते. कुणी काही टाकत नाही, कुणी हात लावत नाही. साधारण पंधरा सेकंदांचं हे चक्र काही मिनिटं चालू राहतं.

ही ब्रिग्ज-राउशर अभिक्रिया. थॉमस ब्रिग्ज आणि वॉरन राउशर हे सॅन फ्रान्सिस्कोच्या गॅलिलिओ हायस्कूलमधले विज्ञानशिक्षक. वर्गात दाखवायला काहीतरी देखणं हवं म्हणून त्यांनी आधीच्या दोन आंदोलक अभिक्रियांची मिसळ केली आणि 1973 साली ती रसायनशिक्षणाच्या एका नियतकालिकात छापली. आज तिच्या चित्रफिती ढिगानं सापडतात. बहुतेक जण त्या पाहतात, ‘अरे वा’ म्हणतात आणि पुढे सरकवतात. मला त्या वेगळ्या कारणासाठी आवडतात. अशी एक चित्रफीत घेऊन तिचं जर्नल लिहायला बसलं, म्हणजे शाळेतल्या त्या जुन्या साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या रकान्यांत ती बसवायला लागलं, की डोळ्यांना तीनच रंग दिसलेल्या बीकरमधून अणुरेणूंची हालचाल सेकंदासेकंदाला वाचता येऊ लागते.

साहित्य ठरलेलं असतं. तीन रंगहीन द्रावणं, समान मापानं. एकात पोटॅशियम आयोडेट आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल. दुसऱ्यात मॅलॉनिक आम्ल, मँगनीज सल्फेट आणि स्टार्च. तिसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. प्रचलित कृतीत पहिल्यात आयोडेट 0.2 मोलार आणि तिसऱ्यात पेरॉक्साइड सुमारे 4 मोलार असतं. पण इथंच पहिली शिस्त पाळायची. ही मापं मला माहीत आहेत म्हणून ती अहवालात जात नाहीत. चित्रफितीत बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली, किंवा प्रयोग करणाऱ्यानं तोंडानं सांगितलं, तरच ती लिहायची. नाहीतर ‘तीन रंगहीन द्रावणं, तीव्रता दिलेली नाही’ एवढंच. आमच्या पिढीनं सीनियरच्या जर्नलवरून निरीक्षणं उतरवून सह्या मिळवल्या, त्यामुळे ही शिस्त सांगताना थोडं ओशाळायला होतं, पण तिला पर्याय नाही.

आता वेळ. घड्याळ कुठून सुरू करायचं? तिसरं द्रावण ओतायलाच दोन-तीन सेकंद जातात. पहिला थेंब पडला तो क्षण शून्य मानायचा, की शेवटचा? दोन्ही चालेल, पण कोणता मानला ते लिहायला हवं आणि सगळ्या नोंदी त्यावरूनच मोजायला हव्यात. समजा, आपल्या चित्रफितीत तिसऱ्या द्रावणाची धार मिश्रणाला पहिल्यांदा टेकते 41.2 व्या सेकंदाला. तो आपला शून्य. चित्रफीत थांबवून एकेक चौकट पुढे सरकवली की हा क्षण सहज सापडतो. व्हीएलसीमध्ये त्यासाठी `E` ही कळ आहे.

चौकटी मोजून वेळ काढायचा मोह मात्र टाळावा. सेकंदाला 30 चौकटी, म्हणजे 360 चौकटी झाल्या तर 12 सेकंद, असा हिशेब सरळ वाटतो. पण मोबाइलचा कॅमेरा चौकटींचा वेग एकसारखा ठेवीलच असं नाही. उजेड कमी पडला की तो प्रत्येक चौकटीला जास्त वेळ देतो आणि वेग 24 वर येऊ शकतो. तेव्हा त्याच 360 चौकटी खरं तर 15 सेकंदांच्या असतात. चक्राचा काळच पंधरा सेकंदांचा असताना तीन सेकंदांची चूक म्हणजे पंचमांश! सुदैवानं प्रत्येक चौकटीवर तिच्या वेळेचा शिक्का फाइलमध्ये असतो. मोजायचा तो शिक्का, चौकटींची संख्या नव्हे.

रंगाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. डोळ्यानं पाहून ‘सोनेरी झालं’ असं म्हणणं सोपं, पण नेमकं कधी झालं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. एक म्हणेल चौथ्या सेकंदाला, दुसरा म्हणेल सहाव्या. कॅमेरा मात्र प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे ठेवतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255. बीकरच्या मधोमध, चकाकी आणि बुडबुडे टाळून, एक छोटा चौकोन निवडायचा आणि त्याची सरासरी दर दशांश सेकंदाला काढायची. एफएफएमपेग नावाचं मोफत साधन हे दोन ओळींत करतं. लिनक्सवर ते असं दिसतं:

```
ffmpeg -i br.mp4 -vf "crop=40:40:620:400,fps=10,scale=1:1:flags=area" -f rawvideo -pix_fmt rgb24 rang.rgb
od -An -v -tu1 -w3 rang.rgb
```

पहिली ओळ 40 बाय 40 ठिपक्यांचा चौकोन कापते. त्याची डावी कड 620 व्या आणि वरची कड 400 व्या ठिपक्यावर आहे. हे आकडे आपापल्या चित्रफितीप्रमाणे बदलायचे. मग ती वेळेच्या शिक्क्यांप्रमाणे सेकंदाला दहा नमुने उचलते आणि प्रत्येक चौकोनाचा एकच ठिपका करते. दुसरी ओळ ते ठिपके आकड्यांत छापते: एका ओळीला तीन आकडे. दहा ओळी म्हणजे एक सेकंद.

नमुन्यादाखल असे आकडे घेऊ. सुरुवातीला तिन्ही जवळपास सारखे: 205, 207, 203. म्हणजे रंगहीन. सहाव्या सेकंदाला 204, 178, 96. लाल जागच्या जागी आहे, हिरवा जरा उतरलाय, निळा निम्म्याहून खाली आलाय. निळा प्रकाश गिळला गेला की उरलेला आपल्याला पिवळा-पिंगट दिसतो, ही ती सोनेरी छटा. त्यानंतर नवव्या सेकंदापर्यंत निळ्याचा आकडा सावकाश घसरत राहतो आणि मग, जेमतेम एका सेकंदात, लाल 190 वरून 41 वर कोसळतो. डोळ्याला ‘निळं-काळं’ दिसलं ते हे.

दोन आकडे, दोन वेगळ्या चाली. एक सावकाश उतरतो, दुसरा धाडकन पडतो. का?

निळा प्रकाश गिळतो तो द्रावणात तयार होणारा आयोडीन. तो साठत जातो तसतसा निळ्याचा आकडा उतरतो. लाल प्रकाश गिळतो ते आयोडीन आणि स्टार्चचं संकुल. आता खरा नवलाचा भाग बघा: त्या सोनेरी सेकंदांत द्रावणात आयोडीन आहे, स्टार्चही आहे, तरी निळा रंग नाही! बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग पाहिलेल्या प्रत्येकाला हे खटकायला हवं. कारण असं की निळ्या संकुलाला नुसता आयोडीन पुरत नाही, त्याच्या जोडीला आयोडाइड आयनही लागतात. शाळेतल्या आयोडीनच्या बाटलीत पोटॅशियम आयोडाइड आधीच घातलेलं असतं, म्हणून तिथं हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. इथं मात्र आयोडाइड आधी नगण्य असतं आणि मग एकदम उसळतं. लालचा कोसळता आकडा म्हणजे त्या उसळीची वेळ. म्हणजे निळ्याच्या रकान्यात आयोडीनची गोष्ट लिहिलेली आहे आणि लालच्या रकान्यात आयोडाइडची.

ही उसळी पुन्हा पुन्हा का येते? द्रावणात दोन वाटा आहेत, एक जलद आणि एक मंद. आयोडाइड कमी असतं तेव्हा जलद वाट चालते. ती हायपोआयोडस आम्ल इतक्या झपाट्यानं बनवते की मॅलॉनिक आम्लाला ते संपवता येत नाही. उरलेल्याचं पेरॉक्साइड आयोडाइड करून टाकतं, आणि ते आयोडाइड आणखी हायपोआयोडस आम्लाशी मिळून आयोडीन होतं: सोनेरी छटा. आयोडाइड एका मर्यादेपलीकडे गेलं की तेच जलद वाट बंद पाडतं. मग आयोडाइड उसळतं, द्रावण निळं होतं आणि मंद वाट उरते. ती वाट मॅलॉनिक आम्लाची भूक भागवू शकत नाही, त्यामुळे आयोडीन आणि आयोडाइड दोन्ही खाल्ली जातात, रंग विरतो, आयोडाइड मर्यादेखाली येतं आणि जलद वाट पुन्हा उघडते. आपल्याकडच्या वासुदेवाच्या पेल्यात पाणी कृष्णाच्या पायाला टेकलं की सगळा पेला आपोआप ओसरतो. वरून धार चालू ठेवली तर तो पुन्हा भरतो, पुन्हा ओसरतो. इथली धार म्हणजे आयोडेट आणि पेरॉक्साइडचा साठा. तो मात्र एकाच दिशेनं संपत चाललेला असतो, परत कधीच भरत नाही. रशियात बोरिस बेलोसोव्ह यांनी 1950 च्या दशकात अशी एक आंदोलक अभिक्रिया लिहून पाठवली, तेव्हा हे शक्यच नाही म्हणून ती परत आली होती. लंबकासारखी अभिक्रियाच मागेपुढे होते असा त्यांचा दावा असल्याचं संपादकांना वाटलं असावं. प्रत्यक्षात मागेपुढे होतात ते फक्त मधले पदार्थ.

चक्रांची वेळ काढायला एक खूण ठरवावी लागते, आणि लालची पडझड ही सगळ्यात धारदार खूण. लालची वरची पातळी 205, खालची 41, मधली 123. लाल 123 च्या खाली गेला तो क्षण म्हणजे ‘निळा आला’. आपल्या नमुन्यात हे क्षण शून्यापासून 9.4, 24.1, 39.3, 55.0 आणि 71.2 सेकंदांना आले असं धरू. मधली अंतरं होतात 14.7, 15.2, 15.7 आणि 16.2. चक्र दर वेळी थोडं लांबतंय, साठा खर्ची पडतोय. हे असंच व्हायला हवं.

दशांशापर्यंतचे आकडे पाहून मात्र हुरळून जायचं नाही. चौकट सरकवत पाहिलं तर दिसतं की निळा रंग बीकरभर एकदम येत नाही. एका बाजूला एक ढग उमटतो, ढवळणीनं ओढला जातो, पसरतो, आणि बीकर भरायला जवळजवळ एक सेकंद जातो. आपला चौकोन बीकरच्या डाव्या बाजूला घेतला असता तर तीच वेळ थोडी वेगळी आली असती. म्हणून अहवालात ‘9.4 सेकंद, अर्धा सेकंद इकडेतिकडे’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं. चौकटी सेकंदाला 30 असल्या तरी बीकर तेवढा नेमका नाही.

कॅमेऱ्याच्याही काही खोड्या आहेत. बीकर काळा पडला की दृश्य अंधारलं असं समजून तो उजेड वाढवतो, आणि मागची भिंत अचानक पांढरीफटक दिसू लागते. द्रावण सोनेरी झालं की रंगांचा तोल साधायला तो सगळ्या दृश्यात निळसरपणा मिसळू पाहतो, म्हणजे आपण जे मोजतोय तेच पुसू लागतो. हे ओळखायची रीत सोपी आहे: बीकरशेजारच्या भिंतीचा किंवा कागदाचा दुसरा चौकोन घेऊन त्याचेही आकडे काढायचे. भिंत काही अभिक्रियेत भाग घेत नाही. तिचे आकडे बीकरबरोबर नाचत असतील तर तो कॅमेऱ्याचा नाच, आणि बीकरचे आकडे भिंतीच्या आकड्यांनी भागून घेतले की तो बराचसा निघून जातो. शिवाय आकडा 200 वरून 100 वर आला म्हणजे उजेड निम्मा झाला असंही नाही. चित्रफितीत आकडे मुद्दाम वाकवून साठवतात, त्यामुळे 100 मध्ये 200 च्या जेमतेम पाचवा भाग उजेड असतो. रंग कधी बदलला हे या आकड्यांवरून खात्रीनं सांगता येतं. आयोडीन किती ग्रॅम झाला, हे नाही.

आणखी एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे कात्री. पाचव्या आणि सहाव्या निळ्यामध्ये अंतर समजा 9.8 सेकंद निघालं. लांबत चाललेलं चक्र अचानक एवढं आखूड होण्याचं रासायनिक कारण सापडत नाही. अशा वेळी मी आधी आवाज ऐकतो: ढवळणीची घरघर किंवा बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटतं का? मग काठावरचा फेस पाहतो. एका चौकटीत तो बोटभर आणि पुढच्या चौकटीत दोन बोटं असेल, तर मधले काही सेकंद संपादकानं कापलेत. तसं दिसलं तर त्या अंतराची नोंद ‘चित्रफीत खंडित’ म्हणून करायची आणि सरासरीतून ते वगळायचं. सगळंच दुप्पट वेगानं पळवलेलं असेल तर फेसावरून कळत नाही, पण वर उडालेला थेंब किंवा माणसाच्या हाताची हालचाल पाहिली की लगेच संशय येतो.

आता निरीक्षणाचा रकाना भरायचा. तिथं मी असं लिहीन: ‘शून्य सेकंद: तिसरं द्रावण मिसळायला सुरुवात. द्रावण रंगहीन, बारीक बुडबुडे. सुमारे 3 सेकंद: फिकट पिवळी छटा, ती वाढत पिंगट. 9.4 सेकंद, अर्धा सेकंद इकडेतिकडे: डाव्या काठाशी निळा ढग, सुमारे एका सेकंदात संपूर्ण द्रावण निळं-काळं. 17 सेकंदांच्या सुमारास पुन्हा रंगहीन. बुडबुडे सतत.’ यात आयोडीन हा शब्द नाही, ऑक्सिजन नाही, स्टार्च-संकुल नाही. कॅमेऱ्यानं बुडबुडे पाहिले, ऑक्सिजन पाहिलेला नाही. कुणी चित्रफितीत निखारलेली काडी धरली असती आणि ती पेटली असती तर गोष्ट वेगळी. ऑक्सिजन, आयोडीन आणि आयोडाइड या तिघांची जागा अनुमानात. तिथं कारण देऊन लिहावं: पेरॉक्साइड आहे म्हणून वायू बहुधा ऑक्सिजन; निळ्याचा आकडा आधी उतरतो म्हणून आयोडीन आधी साठतो; लाल नंतर कोसळतो म्हणून आयोडाइडची वाढ उशिरा आणि अचानक.

आणि एक रिकामा रकाना, जो भरायचा मोह सगळ्यात जास्त होतो: तापमान. ही अभिक्रिया तापमानाला फार संवेदनशील आहे. द्रावण गरम असेल तर चक्रं भराभर होतात, गार असेल तर रेंगाळतात. त्यामुळे 14.7 सेकंद हा आकडा तापमानाशिवाय अर्धवटच आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या आकड्याशी त्याची तुलना करता येणार नाही. तरी चित्रफितीत तापमापी दिसत नसेल तर ‘25 अंश’ असं सवयीनं लिहून टाकायचं नाही. वासाचंही तेच. शेवटी द्रावण निळं-काळं होऊन तसंच राहतं, आयोडीनचा वास सुटतो आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. पण पडद्यावर वास येत नाही. कधीकधी तर चक्र सुरूच होत नाही, द्रावण पिवळं होऊन थांबतं. नळाच्या पाण्यातलं किंवा नीट न धुतलेल्या बीकरमधलं क्लोराइड हे त्याचं नेहमीचं कारण. तरी चित्रफितीत पाणी कुठून घेतलं ते दिसत नसेल, तर तो अंदाज अंदाज म्हणूनच लिहायचा.

यातल्या बऱ्याचशा रिकाम्या जागा भरणं चित्रीकरण करणाऱ्याच्या हाती आहे. तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात कुणी हा प्रयोग करून मोबाइलवर टिपणार असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: मोबाइल स्टँडवर ठेवा, पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस कुलूपबंद करा, बीकरमागे पांढरा कागद लावा आणि शेजारी तापमापी व सेकंदकाटा असलेलं घड्याळ दिसेल असं ठेवा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धरा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, कारण एवढ्या तीव्रतेचं पेरॉक्साइड कातडी भाजतं. आणि उरलेलं काळं द्रावण बेसिनमध्ये ओतण्याआधी त्यात सोडियम थायोसल्फेट घाला. आयोडीन आयोडाइड होऊन रंग जातो. तेही कॅमेरा बंद करण्याआधी टिपून घ्या.